अकरात नाव आलं, पण खेळायला मिळालं का?

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना चालू होता. शारदाश्रम विद्यामंदिरच्या २ बाद ८४ धावा झालेल्या असताना विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर ही जोडी जमली, ती डाव २ बाद ७४८ वर घोषित होईपर्यंत फुटलीच नाही. ६६४ धावांची ती भागीदारी मुंबईत क्रिकेट बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. त्या डावात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा होता अमोल मुझुमदार. त्याची बॅटिंग आलीच नाही. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० धावा काढल्या आणि २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा तो प्रशिक्षक होता, म्हणून ही गोष्ट आज कौतुकाने सांगितली जाते. पण धावफलक नुसता मोजला तर त्या डावात अकरापैकी चारच मुलांनी बॅट धरली. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, त्या डावात संघाची धावसंख्या ३ बाद १४६५ होती. म्हणजे पाच जणांनी फलंदाजी केली आणि सहा जण बघत बसले.

हे सांगण्यात त्या मुलांच्या पराक्रमाला किंवा त्यांच्या सरांना बोल लावायचा नाही. शील्डचा सामना जिंकायलाच खेळतात. पण लहान मुलांच्या क्रिकेटमध्ये प्रशिक्षक आणि पालक यांच्यात जे वाद होतात, त्यांचं मूळ या आकड्यांत दिसतं. फुटबॉलमध्ये मुलगा किती मिनिटं मैदानात होता हे घड्याळ सांगतं. क्रिकेटमध्ये तो पूर्ण दिवस मैदानावर असतो, पांढरे कपडे घालून फाइन लेगला उभा असतो, आणि तरी संध्याकाळी त्याने एकही चेंडू खेळलेला नसतो, टाकलेला नसतो. सरांच्या हिशेबी तो खेळला. आईच्या हिशेबी तो उन्हात उभा राहून आला. दोघंही खरं बोलत असतात आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

आता बऱ्याच अकादम्या हंगामाच्या सुरुवातीला पालकांची बैठक घेतात, एखादं नियमांचं पान वाटतात. त्यात बहुधा वेळेवर या, पांढरे बूट आणा, फी दहा तारखेच्या आत भरा, सरांच्या निवडीत ढवळाढवळ करू नका, एवढंच असतं. पालकांनी काय करायचं नाही ते त्यात कळतं. मुलाला काय मिळणार ते कळत नाही. हे पान उलटं लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. खेळायला किती मिळणार हे आधी, आणि तेही मोजता येईल अशा शब्दांत. बाकीचं त्याच्या आधाराने उभं राहतं.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत लिटल लीग बेसबॉलने तो थेट नियमात घातला. नाव नोंदलेल्या प्रत्येक मुलाला सामन्यात निदान एकदा फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणात सलग सहा बळी जाईपर्यंत मैदानात जागा मिळालीच पाहिजे. तिथल्याच एवायएसओ या १९६४ पासूनच्या फुटबॉल संस्थेत प्रत्येक मुलाने निदान अर्धा सामना खेळायचा असतो. नॉर्वेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळातल्या हक्कांचे नियम केले आणि २००७ मध्ये ते सुधारले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि गुणतक्ते तिथे लावत नाहीत. आपल्याला सगळ्यात जवळचा मार्ग ऑस्ट्रेलियाचा आहे, कारण तो क्रिकेटचा आहे. तिथे सगळ्यात लहान गटात एका बाजूला सातच मुलं, खेळपट्टी १६ मीटर. त्यावरच्या गटात नऊ मुलं आणि १८ मीटर. मुलं कमी केली की प्रत्येकाच्या वाट्याला खेळ जास्त येतो. फलंदाजाने ठरावीक चेंडू खेळले की तो बाहेर येतो. इंग्लंडमध्ये नऊ वर्षांखालच्या मुलांचं जोड्यांचं क्रिकेट आहे. दोघं ठरलेली षटकं खेळतात, बाद झालं तरी खेळत राहतात, फक्त संघाच्या धावा कापल्या जातात.

नॉर्वे सोडला तर या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कोणाला किती खेळवायचं हे सरांच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, एककात बांधलेलं आहे. आपल्याकडे असा नियम वरून येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. तो संघापुरता आपणच करायला हवा, आणि त्यासाठी आधी साधा हिशेब मांडायला हवा.

समजा, बारा वर्षांखालच्या मुलांचा संघ आहे, मुलं पंधरा आणि हंगामात आठ सामने, प्रत्येकी २५ षटकांचे. आठ सामन्यांत अकरातल्या जागा होतात ८८. पंधरा जणांत त्या वाटल्या तर तेरा मुलांना सहा सामने मिळतात आणि दोघांना पाच. म्हणजे बैठकीत सरांना छातीठोक सांगता येतं की प्रत्येक मूल निदान पाच सामने अकरात असेल. एका डावात चेंडू १५०, आठ डावांत १२००. पंधरा जणांत सरासरी ८० चेंडू. काहीही न ठरवता सोडलं तर दोन चांगले फलंदाज एका डावातले शंभर चेंडू सहज खातात. ३० चेंडूंनंतर निवृत्त व्हायचं असा नियम केला तर एकही बळी गेला नाही तरी निदान पाच जणांना बॅटिंग मिळते. कोणी चारपेक्षा जास्त षटकं टाकायची नाहीत असं ठरलं तर २५ षटकांसाठी सात गोलंदाज लागतात. आणि तिसरा नियम सगळ्यांत महत्त्वाचा: गेल्या सामन्यात ज्याची बॅटिंग आली नाही, तो पुढच्या वेळी खेळताना पहिल्या चारात जाईल.

इथे एक अडचण आहे, ती माहीत नसली तर ऐन सामन्यात फजिती होते. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे आजारपण किंवा दुखापत नसताना फलंदाज निवृत्त झाला, तर समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय त्याला परत येता येत नाही. तो निवृत्त-बाद धरला जातो. म्हणून मैत्रीपूर्ण सामन्यात ३० चेंडूंचा नियम समोरच्या सरांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवायचा. अधिकृत स्पर्धेत तो लावायचा तर तो मुलगा त्या दिवसापुरता बाद, हे पालकांना आधी सांगायचं. नाहीतर ४० धावांवर खेळणाऱ्या मुलाला बाहेर बोलावल्यावर त्याचे वडील स्कोअररच्या टेबलाशी येणारच, आणि त्यांचा राग मला समजतो.

हिशेब नुसता मांडून भागत नाही, तो ठेवावा लागतो. स्कोअरबुकातून दर सामन्यानंतर एका वहीत उतरवायचं: अकरात होता का, कितव्या नंबरवर गेला, किती चेंडू खेळला, किती षटकं टाकली, यष्टिरक्षण केलं का. दहा मिनिटांचं काम आहे. फलंदाजीचा क्रमांक मुद्दाम लिहायचा, कारण मिळालेली संधी आणि खेळलेले चेंडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या नंबरवर जाऊन पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडालेल्या मुलाच्या नावावर एक चेंडू दिसतो, आणि आठव्या नंबरवर शेवटचा चेंडू खेळलेल्याच्या नावावरही एकच.

वही असली की बोलणं कसं बदलतं, ते पाहा. चार सामने झालेत. एक आई येते. तिचा मुलगा तीन सामने अकरात होता.

“सर, तीन सामन्यांत त्याला अकराच चेंडू मिळालेत. त्याचं काही चुकतंय का?”

सर वही उघडतात. “ताई, पहिल्या सामन्यात तो आठवा होता, बॅटिंग आली नाही. दुसऱ्यात तिसऱ्या नंबरवर पाठवला, दोन चेंडूंत बाद झाला. चौथ्यात परत आठवा, नऊ चेंडू खेळला. चार सामन्यांत सरासरीने चाळीस चेंडू यायला हवे होते, म्हणजे तो मागे आहे हे खरं. आणि षटकं दोनच टाकलीत, ती माझी चूक आहे. शनिवारी तो सलामीला जाईल आणि तीन षटकं टाकेल. आतल्या चेंडूला त्याची बॅट उशिरा येते, ते मी नेटमध्ये बघतो. तुम्ही घरी त्यावर काही बोलू नका.”

या बोलण्यात सरांनी आईला गप्प केलेलं नाही. तिचा आकडा मान्य केला, स्वतःकडे राहिलेलं सांगितलं आणि पुढच्या शनिवारचा शब्द दिला. वही नसती तर हेच बोलणं “सगळ्यांना संधी देतोय हो मी” आणि “मग माझ्याच मुलाला का नाही” या दोन वाक्यांत अडकलं असतं. क्रिकहिरोजसारख्या ॲपवर आता प्रत्येक चेंडू घरबसल्या दिसतो, तेव्हा पालकांकडे आकडे असतातच. फक्त ते धावांचे आणि स्ट्राइक रेटचे असतात, संधीचे नसतात. संधीचे आकडे सरांनीच पुढे ठेवायला हवेत.

हे बोलणं कधी करायचं, याचा एक नियम अनेक देशांतल्या क्लबांनी घेतला आहे आणि तो आपल्याकडेही चालतो: सामना संपल्यापासून चोवीस तास निवडीबद्दल किंवा खेळवण्याबद्दल काही बोलायचं नाही. दुखापत, भोवळ, कोणी मुलाशी गैर वागलं, अशा गोष्टींना हा नियम लागू नाही. त्या तिथल्या तिथे सांगायच्या. हे वेगळं लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर घाबरलेला पालक गंभीर गोष्टसुद्धा दुसऱ्या दिवसावर ढकलतो. चोवीस तासांची दुसरी बाजू सरांसाठी आहे. पालकाने वेळ मागितली की ती तीन-चार दिवसांत द्यायची. नाहीतर थंड व्हायला सांगून टाळलं, असा त्याचा अर्थ होतो आणि तो अर्थ चुकीचा नसतो. व्हॉट्सॲप गटावर वेळ, मैदान, गाडी, पाऊस एवढंच. कोणाच्याही मुलाची तुलना गटावर नको, आणि सरांनी मुलांना एकट्याला मेसेज करायचा नाही, पालक त्यात हवेत.

पालकाने काय विचारायचं हेही बैठकीत ठरवावं. स्वतःच्या मुलाची संधी, त्याची प्रगती, त्याची मनःस्थिती, यावर हवं ते विचारावं. दुसऱ्याच्या मुलाला का घेतलं, कर्णधार कोण, क्षेत्ररचना अशी का, यावर बोलणं नाही. बहुतेक पालक ही रेष मानतात, जर आधीच्या गोष्टींची उत्तरं खरोखर मिळत असतील तर.

आता मैदानाबाहेरच्या वागण्याचं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथे सामन्यांच्या मध्ये कुंपणं नाहीत, एका मैदानाची सीमारेषा दुसऱ्याच्या पॉइंटमधून जाते. पालक झाडाखाली, कीटबॅगेवर, जिथे सावली मिळेल तिथे बसतात. ती जागा बरेचदा फाइन लेग किंवा थर्ड मॅनच्या सीमारेषेवरच येते आणि तिथे उभा असलेला मुलगा षटकभर वडिलांच्या आवाजाच्या टप्प्यात असतो. “पुढे ये, पुढे ये. अरे, हात वर ठेव.” तो सरांकडे बघतो, कर्णधाराकडे बघतो, वडिलांकडे बघतो आणि झेल सुटतो. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूआधी थोडी शांतता असते आणि मुलाचं लक्ष त्या काही सेकंदांत बांधलं जातं. बाहेरून आलेली सूचना नेमकी त्यातच घुसते, मग ती सूचना बरोबर असो की चूक.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम सुरू केली, तेव्हा प्रेक्षकांसाठी दोरीमागची जागा हा तिचा एक भाग होता. जर्मनीत आखेनच्या परिसरात २००७ पासून राल्फ क्लोर यांनी फेअर प्ले लीग सुरू केली. त्यात लहान मुलं पंचांशिवाय खेळतात, दोन्ही प्रशिक्षक एकाच जागी उभे राहतात आणि पालक मैदानापासून दूर असतात. उपदेशापेक्षा अंतर जास्त काम करतं, हे या दोन्हींत दिसतं आणि मला ते पटतं. आपल्या मैदानांवर दोरी बांधता येणार नाही, पण जागा ठरवता येते. स्कोअररच्या बाजूला, स्क्वेअर लेगच्या मागे, सीमारेषेपासून पंधरा पावलं, फलंदाजाच्या नजरेच्या रेषेत कोणी नाही. दर सामन्याला एक पालक पाळीने त्या जागेची जबाबदारी घेतो. तो पाणी बघतो, प्रथमोपचाराची पेटी सांभाळतो आणि कोणी सूचना द्यायला लागलं तर हळूच जाऊन सांगतो. हे काम सरांनी करू नये, कारण ते तेव्हा सामना बघत असतात. ज्याची पाळी एकदा येऊन गेली तो पुढच्या वेळी स्वतः ओरडत नाही.

सराव सामन्यांत पंच बरेचदा राखीव मुलगाच असतो. त्याच्या पायचीतच्या निर्णयावर मोठ्या माणसाने आवाज चढवला तर तो मुलगा पुन्हा पंच म्हणून उभा राहत नाही. म्हणून टाळ्या दोन्ही संघांना, पंचाशी आणि स्कोअररशी बोलणं फक्त सरांचं. आणि सरांवरही हेच बंधन हवं. ज्या मैदानावर सर स्वतः प्रत्येक चेंडूला ओरडतात तिथे पालकांच्या वागणुकीचं पान टिकत नाही.

नियम मोडला तर काय? पहिल्यांदा खाजगीत बोलणं, दुसऱ्यांदा लेखी, तिसऱ्यांदा त्या पालकाने पुढचे दोन सामने मैदानावर यायचं नाही. मुलाला कोणीतरी आणेल, तो खेळेल. वडिलांच्या तोंडाची शिक्षा मुलाच्या बॅटिंगवर काढणं अगदी सोपं असतं आणि ते घडतंही. यावर माझं मत पक्कं आहे: पालकाच्या वागण्यामुळे मुलाची एकही संधी कमी होणार नाही, हे वाक्य नियमांच्या पानावर लिहिलेलं असलंच पाहिजे. एरवी कोणताही पालक खरी तक्रार घेऊन पुढे येणार नाही. मुलाला त्याचा त्रास होईल, ही भीती मैदानाबाहेरच्या गप्पांत सतत ऐकू येते.

मुलांना स्वतःला काय हवं असतं? कॅमिला नाईट आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ज्युनियर टेनिसपटूंना हे विचारलं होतं. अभ्यास २०१० मध्ये आला. मुलांना आईवडिलांकडून तंत्राच्या सूचना नको होत्या. मेहनतीबद्दल आणि वागण्याबद्दल बोललेलं चालत होतं, पाणी-खाण्याची आठवण चालत होती, आणि तोंडाने चांगलं बोलून चेहऱ्यावर नाराजी दाखवलेली त्यांना लगेच कळत होती. चर्चगेटहून परतीच्या लोकलमध्ये शेजारी किट धरून बसलेल्या मुलाला हे लागू पडतं. तो तासभर कुठे पळून जाऊ शकत नाही. तेव्हा सामन्याबद्दल त्याने काढलं तरच बोलायचं, ही ओळ पालकांच्या बाजूने लिहून घ्यायला हरकत नाही.

अपेक्षांचा भाग मी थोडक्यात ठेवीन, कारण वरचं जमलं की तो अर्धा आपोआप सुटतो. उरलेला अर्धा निवडीच्या धास्तीचा आहे. बारा वर्षांच्या मुलाचे वडील अनेकदा असं बोलतात की या मोसमात नाव झालं नाही तर गाडी गेली. मुलांसाठी बीसीसीआयची पहिली राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा, विजय मर्चंट करंडक, सोळा वर्षांखालची आहे. बाराव्या वर्षी चुकण्यासारखी गाडीच नाही. हे सरांनी बैठकीत स्पष्ट सांगावं, आणि मुलाला मुंबईच्या संघात घालतो अशी आशा कोणालाही लावू नये. हजेरीचा नियमही संधीशी उघडपणे जोडावा: आठवड्याच्या तीन सरावांपैकी दोन केले तर वर दिलेली हमी लागू. घटक चाचणी आणि वार्षिक परीक्षेचे दिवस त्यातून वगळावेत, तेही आधी कळवून.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न उरतो. फ्रँक स्मॉल आणि रोनाल्ड स्मिथ या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी बेसबॉलच्या प्रशिक्षकांना मुलांशी बोलण्या-वागण्याचं छोटं शिक्षण दिलं. १९९२ मध्ये आलेल्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांकडची ५ टक्के मुलं पुढच्या वर्षी परतली नाहीत; इतर प्रशिक्षकांकडची २६ टक्के. फरक मोठा आहे, पण तो प्रशिक्षकांच्या मुलांशी वागण्याचा होता, पालकांशी केलेल्या योजनेचा नव्हता, आणि खेळही वेगळा होता. पानावरच्या योजनेने गळती थांबते असं त्यावरून म्हणता येत नाही. उलट मुलांशी रागावून बोलणारा प्रशिक्षक कितीही नीटस वही ठेवो, मुलं जातातच.

दुसरी मर्यादा वयाची आहे. समान संधीचा हा हिशेब बारा वर्षांखालच्या संघाला शोभतो. गाइल्स शील्डच्या संघाला तो जसाच्या तसा लावला तर शाळा मान्य करणार नाही, आणि खरं तर मुलंही करणार नाहीत. त्या वयाला चांगल्याने जास्त खेळावं हे त्यांना स्वतःलाच पटतं. तिथे योजना वेगळी हवी: निवड गुणवत्तेवर, पण राखीव मुलांसाठी महिन्याला दोन सामने ठरलेले, आणि न घेतलेल्या मुलाला कारण सरांनी स्वतः सांगायचं, यादी लावून नाही. अडचण मधल्या जागेत होते. जूनमध्ये समान संधी म्हणायचं आणि डिसेंबरमध्ये संघ बाद फेरीत गेला की गुपचूप चांगले अकरा उतरवायचे. बाद फेरीत नियम बदलणार असेल तर तो जूनच्या बैठकीत लिहून द्यावा, कोणत्या सामन्यापासून आणि कोणता भाग बदलणार तेही. माझ्या मते बारा वर्षांखाली तो बदलूच नये. पण ज्या सरांना बदलायचा आहे त्यांनी आधी सांगितलं, तर उपांत्य सामन्याला बाहेर बसलेल्या चार मुलांच्या घरी ते सहा महिने आधीच माहीत असेल.